नव्या टाइल्समागची गळती: बाथरूमचं काम पुन्हा करून देण्याबाबत

दि. १४ जुलै २०२५
कोथरूड, पुणे

कंत्राटदारसाहेब,
स.न.वि.वि.

तुम्ही ८ मे रोजी आमच्या ३०४ नंबरच्या फ्लॅटचं बाथरूम पूर्ण करून दिलंत. दोन महिनेच झालेत आणि भिंतीतल्या नव्या सीपीव्हीसी लाइनला गळती लागली आहे. डायव्हर्टरच्या खालच्या तीन टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजतात, सांध्यांतलं ग्राउट पांढरं पडून निघतंय. पलीकडे बेडरूमच्या कपाटामागे रंगाचे पापुद्रे सुटलेत, आणि २०४ मधल्या काकूंना बाथरूममध्ये बादली ठेवावी लागतेय.

फोनवर तुम्ही म्हणालात, "पावसाची ओल आहे, दिवाळीपर्यंत सुकेल." ही भिंत बेडरूम आणि बाथरूमच्या मधली आहे. तिच्यावर पाऊस पडणार कुठून? मी स्वतः पडताळलंय. गीझरच्या गरम लाइनचा कॉक बंद ठेवला की काकूंकडचं टपकणं काही तासांत थांबतं, उघडला की पुन्हा सुरू. नुसत्या गार पाण्याने आंघोळ केली तर काही होत नाही. म्हणजे ट्रॅप किंवा वॉटरप्रूफिंग नव्हे, गरम लाइनचाच जॉइंट सुटलाय. बहुधा डायव्हर्टरजवळचा पितळी आट्यांचा एल्बो, पण ते फोडल्यावर कळेल.

प्लॅस्टरआधी प्रेशर टेस्ट घ्या, असं मी दोनदा सांगितलं होतं. तुमचा माणूस म्हणाला, "पंप दुसऱ्या साइटवर आहे, उद्या लावतो." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर चर बुजवून प्लॅस्टर झालेलं. चर उघडे असतानाचे माझ्याकडे फोटो आहेत, तारखेसकट.

आता वरून ग्राउट किंवा सिलिकॉन भरलेलं मला चालणार नाही. त्या भागातल्या टाइल्स काढून गरम लाइन गीझरपासून डायव्हर्टरपर्यंत नवीन टाका. सोल्व्हेंट नीट सुकू द्या, मग माझ्यासमोर पंप लावून रात्रभर प्रेशर धरून ठेवा. सकाळी काटा जागेवर दिसला तरच प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स. उरलेल्या पाच टाइल्स माझ्याकडे आहेत, जास्त लागल्या तर त्याच शेडच्या तुम्ही आणायच्या. मजुरी, माल, डेब्रिज, आमच्या कपाटामागचा रंग आणि काकूंच्या छताची दुरुस्ती हा सगळा खर्च तुमचा.

ठरलेल्या १,८५,००० रुपयांपैकी १,६५,००० तुम्हाला मिळालेत. उरलेले २०,००० मी बुडवणार नाही, पण टेस्ट पास होऊन पंधरा दिवस भिंत कोरडी राहिल्याशिवाय देणारही नाही.

२१ जुलैपर्यंत काम सुरू करा. नाही केलंत, तर दुसऱ्या प्लंबरकडून करून घेईन, त्याचं बिल तुमच्या रकमेतून वळतं करीन आणि वरच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

बाकी काम तुम्ही चांगलं केलंय, उताराचं पाणी कुठे थांबत नाही, म्हणूनच आधी तुम्हाला लिहितोय. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे काकूंनाही सांगून ठेवता येईल.

आपला,
फ्लॅट क्र. ३०४ चा मालक

सोबत: फोटो ९, तुमच्या कोटेशनची प्रत