केस रिपोर्ट फॉर्म: सब्जेक्ट ०३-०१४, आठवडा ० ते १२

केंद्र क्र. ०३, पुणे. मेटफॉर्मिनवर असलेल्या टाइप २ मधुमेहींमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. विरुद्ध ग्लिमेपिराइड, दुहेरी अंध पद्धत. सोर्स: ओपीडी फाइल, रुग्ण डायरी, फोन नोंदवही, बाहेरच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड.

सब्जेक्ट
स्त्री, वय ५२. संमतीपत्र (मराठी प्रत) ६ जानेवारी २०२५, १०.४० वा.; पहिली रक्ततपासणी त्यानंतर, ११.१५ ला. वजन ६८.४ किलो, एचबीए१सी ८.३ टक्के, क्रिएटिनिन ०.८ मि.ग्रॅ./डेसिली. मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, चालू.
पूर्वेतिहास: डाव्या गुडघ्याचे दुखणे, २०१९ पासून. प्रत्येक व्हिजिटला ही तक्रार आहे, पण वाढ नाही, म्हणून एईत घेतलेली नाही.

व्हिजिट
स्क्रीनिंग ६ जानेवारी, रँडमायझेशन १३ जानेवारी, आठवडा ४: १० फेब्रुवारी, आठवडा ८: १० मार्च, आठवडा १२: ७ एप्रिल २०२५. सर्व ठरल्या दिवशी.
गोळ्या, आठवडा ८ ते १२: दिल्या ३०, परत आल्या ७, घेतल्या २३, अपेक्षित २८. अनुपालन ८२ टक्के. पाच दिवसांचा खंड एई ३ मुळे.

प्रतिकूल घटना (एई)

एई १. जननेंद्रियाचा बुरशीजन्य संसर्ग
सुरुवात ४ फेब्रुवारी: सोर्समध्ये १० तारखेला "सहा दिवसांपासून खाज" असे आहे. शेवट १७ फेब्रुवारी, फोनवर खात्री.
तीव्रता: सौम्य. गंभीर: नाही. औषधाशी संबंध: बहुधा. अभ्यास औषध: बदल नाही. उपचार: क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम, १० ते १६ फेब्रुवारी. निष्पत्ती: पूर्ण बरी.

एई २. लक्षणांसह हायपोग्लायसेमिया
सुरुवात आणि शेवट २६ फेब्रुवारी. डायरीत तारीख नाही. "महाशिवरात्रीचा उपवास, सकाळची गोळी घेतली, चारच्या सुमारास घाम आणि हातपाय थरथरले" एवढेच. ग्लुकोमीटरवर ६२ मि.ग्रॅ./डेसिली. ग्लुकोमीटरचे घड्याळ लावलेले नव्हते, त्यामुळे तारीख पंचांगावरून घेतली. गूळ-पाणी प्यायल्यावर वीस मिनिटांत बरे वाटले.
तीव्रता: सौम्य. गंभीर: नाही. संबंध: शक्य. औषध: बदल नाही. निष्पत्ती: पूर्ण बरी. उपवासाच्या दिवशी औषध कसे घ्यायचे याची समज १० मार्चला दिली.

एई ३. तीव्र गॅस्ट्रोएन्टरायटिस, निर्जलीकरणासह: गंभीर (एसएई)
सुरुवात २९ मार्च रात्री. डायरी: "पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून जुलाब". भरती ३० मार्च, १७.३०, डिस्चार्ज १ एप्रिल, शेवटचा जुलाब २ एप्रिल.
तीव्रता: मध्यम. गंभीर ठरण्याचे कारण: रुग्णालयात भरती. तीव्रता आणि गांभीर्य हे वेगळे रकाने आहेत. भरती झाली म्हणून तीव्रता "तीव्र" केलेली नाही.
भरतीवेळी रक्तशर्करा १६८ मि.ग्रॅ./डेसिली, रक्तातील कीटोन ०.३ मिलिमोल/लिटर, क्रिएटिनिन १.३, ७ एप्रिलला क्रिएटिनिन ०.९. डॅपाग्लिफ्लोझिनच्या औषधगटात शर्करा फार न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणून कीटोनची नोंद डिस्चार्ज कार्डावरून मुद्दाम घेतली. उलट्या, अशक्तपणा आणि क्रिएटिनिनची वाढ याच निदानाचा भाग. वेगळ्या एई नाहीत.
उपचार: शिरेतून सलाइन, ऑन्डॅनसेट्रॉन. अभ्यास औषध ३० मार्च ते ३ एप्रिल बंद, ४ एप्रिलपासून पुन्हा सुरू. संकेत उघडलेला नाही. संबंध: संभव कमी, त्याच आठवड्यात घरातील आणखी दोघांना जुलाब. निष्पत्ती: पूर्ण बरी.
कळवणे: मुलाचा फोन ३१ मार्च, ९.२०. प्रायोजक, नैतिकता समिती आणि केंद्रीय परवाना प्राधिकरणाला ३१ मार्च, १५.१० ला कळवले. २०१९ च्या नियमांतील २४ तासांच्या आत. सविस्तर विश्लेषण अहवाल ९ एप्रिलला रवाना. १४ दिवसांची मुदत १३ एप्रिल.

एकत्रित औषधे
क्लोट्रिमॅझोल (एई १), सलाइन व ऑन्डॅनसेट्रॉन (एई ३). गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. अधूनमधून, अभ्यासापूर्वीपासून.

सोर्समधील विसंगती
डिस्चार्ज कार्डावर "दोन दिवसांपासून जुलाब", म्हणजे २८ मार्च. डायरीत २९ ची रात्र. प्रमुख संशोधकांनी सब्जेक्टला फोनवर विचारून डायरीची तारीख कायम ठेवली. फोन नोंदवहीत २ एप्रिलची सही आहे. कार्डावर खाडाखोड केलेली नाही, तारखेचा फरक मॉनिटरसाठी इथे नोंदवला.
आठवडा ४ चा रक्तदाब फाइलमध्ये दोनदा आहे, १३८/८६ आणि १३२/८४. प्रोटोकॉलप्रमाणे पाच मिनिटे बसल्यानंतरचा दुसरा घेतला.

संकलन: अभ्यास समन्वयक, केंद्र ०३, १० एप्रिल २०२५. कारणसंबंधाचे तिन्ही निर्णय प्रमुख संशोधकांचे, त्याच दिवशी तपासून सही.