काढून टाकलेला भाग

कुडाळच्या बाजारपेठेतील अनघाच्या छोट्या स्टुडिओत भजनी मंडळांच्या ध्वनिफिती आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराच्या घोषणा यांवर महिना निघत असे. पण तिला खरा रस होता तो जुन्या स्पूल टेपांत. वेंगुर्ल्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील दिवंगत मास्तरांनी आयुष्यभर जमवलेली दशावताराची ध्वनिमुद्रणे त्यांच्या मुलाने, विश्वासकाकांनी, एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून तिच्याकडे आणली, तेव्हा तिने पैशांचे बोलणेही पुढे ढकलले. प्रत्येक खोक्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात गावाचे नाव, जत्रेची तिथी आणि आख्यान लिहिलेले होते. विश्वासकाका म्हणाले, “बाबा रात-रात जागान टेप करीत. आमका वाटा, ह्येंका झोपेचा काय वैरच आसा.”

त्यातील 1974 सालच्या मार्गशीर्षातली एक टेप देवळाच्या सभामंडपात, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर या वेगाने मुद्रित केलेली होती. मास्तरांचा कान चांगला असावा, कारण मायक्रोफोन पायपेटी आणि झांज यांपासून योग्य अंतरावर ठेवलेला स्पष्ट कळत होता. संकासुराचा धुमाकूळ संपून आख्यान सुरू होण्यापूर्वी काही मिनिटांचा विसावा होता. त्यात पेटीवाला एकच स्वर दाबून धरून बसला होता, प्रेक्षकांतून कोणी खोकत होते आणि या सगळ्यावर एक अखंड सूं-सूं पसरलेली होती. ही सूं-सूं टेपची नव्हे तर गॅसबत्तीची आहे, हे अनघाने लगेच ओळखले. टेपची स्वतःची खरखर जरा वरच्या पट्टीत आणि अधिक एकसारखी असते, तर गॅसबत्तीचा आवाज हवा कमी होऊ लागली की खाली उतरतो आणि कोणी पंप मारला की पुन्हा चढतो.

खरखर काढण्याची तिची पद्धत नेहमीची होती. जिथे खरखरीखेरीज काहीच नाही असा एखादा तुकडा निवडायचा, त्यावरून संगणकाला तिचे स्वरूप शिकवायचे आणि ते संपूर्ण मुद्रणातून वजा करायचे. मात्र त्यानंतरचा एक टप्पा ती कधीच टाळत नसे, जो घाईत काम करणारे बहुतेक जण टाळतात: राहिलेला आवाज ऐकण्याआधी ती काढून टाकलेला आवाज वेगळा ऐकत असे. त्या कचऱ्यात झांजेची किणकिण किंवा गाणाऱ्याचा श्वास सापडला, तर आपण खरखरीबरोबर गाणेही कापतो आहोत, असा त्याचा अर्थ असतो.

त्या रात्री त्या कचऱ्यात तिला माणसाचा आवाज ऐकू आला.

तो पुरुषाचा होता, फार दूरचा, पण उतावळा किंवा घाबरलेला नव्हता. कामावर असलेला माणूस जसा ठरावीक हेल काढून ओरडतो, तसा तो ओरडत होता. हेडफोन कानांवर दाबून, आवाज वाढवून ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, तेव्हा शब्द सुटे होत गेले. “सात वाव.” मग बराच खंड. “सव्वासहा.” पुन्हा खंड. “पाच, रेंव.”

अनघाने पहिला संशय घेतला तो टेपच्या वेढ्यांवर. स्पूलवर गुंडाळलेल्या टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपली पुसट छाप उमटवतो आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टेपेत पुढचा शब्द एक वेढा आधीच हलकेच ऐकू येतो. परंतु असा प्रतिध्वनी मूळ आवाजाशिवाय असू शकत नाही आणि संपूर्ण टेपेत कोणीही पाण्याच्या खोलीचे वाव मोजलेले नव्हते. शिवाय त्या आकाराच्या स्पूलवर बाहेरचा वेढा फिरायला सुमारे 4 सेकंद लागतात आणि आतला त्याच्या निम्म्याहून कमी वेळात फिरतो. या माणसाच्या दोन हाकांमध्ये मात्र अकरा सेकंदांचे अंतर होते. टेपच्या दुसऱ्या बाजूचे मुद्रण झिरपले असते तर ते उलटे ऐकू आले असते. एखादे रेडिओ केंद्र तारांतून शिरले असेल, असे मानून तिने टेप दुसऱ्या यंत्रावर, तीही भर दुपारी, वाजवून पाहिली; आवाज त्याच जागी, त्याच शब्दांसह हजर होता. म्हणजे तो टेपवरच होता.

मग उरली ती सर्वांत सरळ शक्यता. मास्तरांनी वापरलेली टेप पुन्हा वापरली असेल आणि पुसणाऱ्या हेडच्या कडेला जुन्या मुद्रणाची बारीकशी पट्टी शिल्लक राहिली असेल, तर असे आवाज सापडतात. तसे असते तर वाचणारा हेड केसभर वर सरकवल्याबरोबर पायपेटी मंदावून तो माणूस ठळक व्हायला हवा होता. अनघाने हेड सरकवला. पायपेटी आणि माणूस दोन्ही सारखेच मंदावले, म्हणजे दोघांनी टेपची तीच रुंदी व्यापलेली होती.

इथपर्यंत तिला फारसे नवल वाटले नव्हते. सभामंडपात त्या रात्री कोणी खलाशी आला असेल, दारू पिऊन कोपऱ्यात बरळत असेल. जत्रेत काय होत नाही! पण पायपेटीने ती समजूत मोडली. मास्तरांच्या यंत्राची बॅटरी त्या विसाव्यात उतरू लागली होती. मुद्रण होताना टेप हळू सरकली, की नंतर नेहमीच्या वेगाने वाजवताना सगळे काही भरभर आणि चढ्या स्वरात ऐकू येते. आणि पेटीच्या पट्ट्यांचा स्वर ठरलेला असल्यामुळे त्या दाबून धरलेल्या एका स्वरावरून वेग किती बिघडला हे नेमके मोजता येते. पेटीचा स्वर तीन-चार मिनिटांत जवळजवळ अर्ध्या सुराने चढला होता. तोच माणूस त्याच मंडपात, त्याच यंत्रासमोर ओरडत असता, तर त्याचा आवाजही चढला असता आणि दोन हाकांमधले अंतरही आक्रसत गेले असते. प्रत्यक्षात पहिल्या हाकेपासून शेवटच्या हाकेपर्यंत ते अकरा सेकंदच राहिले होते. तिने पेटी ताळ्यावर आणली, तेव्हा खोकणारे खोकायचे तसे खोकले, बाळ रडायचे तसे रडले आणि तो माणूस तेवढा रेंगाळू लागला.

तो नंतर कोणी वरून भरला असेल, असेही तिने मानून पाहिले. पुसणारा हेड बंद करून जुन्या मुद्रणावर नवे चढवण्याची युक्ती त्या काळातील हौशी लोकांना ठाऊक होती. पण तसे करताना मुद्रणाला लागणारा अतिउच्च कंपनांचा प्रवाह आधीच्या आवाजाची वरची धार खाऊन टाकतो. या विसाव्यात कोणीतरी झांज हलकेच चाचपून पाहिली होती आणि तिची धार बाकीच्या टेपइतकीच लखलखीत होती. दुसरी गोष्ट तिने कोणत्याही मापाशिवाय, नुसत्या कानांनी टिपली: मंडपातील प्रत्येक आवाजामागे लाकडी खांबांतून आणि कौलांखालून फिरून येणारा घुमारा होता, या माणसामागे कसलाच नव्हता. त्याच्याभोवती भिंती नव्हत्या.

विश्वासकाकांनी तो तुकडा डोळे मिटून ऐकला. आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. वडिलांचा तर नव्हताच, कारण मास्तर दर्यावर कधी गेले नाहीत आणि होडीत बसले की त्यांना मळमळे. “वाव म्हंजे दर्यावरचाच मानूस,” ते म्हणाले. “बंदरार आमचो एक तांडेल आसा, जुनो. तेका आयकव.”

वेंगुर्ला बंदरावरच्या त्या म्हाताऱ्या तांडेलाने हेडफोन लावायला नकार दिला, म्हणून अनघाने लिलावाच्या छपराआड गाडीत बसवून त्याला तो तुकडा ऐकवला. टेप कुठली, किती जुनी, कोणाची, यातले काहीही त्याने विचारले नाही. पहिल्या तीन हाका ऐकून तो म्हणाला, की हा माणूस नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, उभा आहे आणि दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पुढे भिरकावून पाणी मोजतो आहे. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात आणि तळाला जे काही असेल ते तिला चिकटून वर येते, म्हणून तो आकड्यामागून रेंव, म्हणजे वाळू, सांगतो. अकरा सेकंदांत गोळा टाकून, दोरी ताणून, पुन्हा ओढून घेणारा माणूस कामाचा दिसतो, असेही त्याने जोडले. मग पुढच्या हाका आल्या. “चार, रेंव.” “सवातीन.” “अडीच, खडप.”

तांडेल गाडीच्या आसनावर पुढे सरकला.

“फुडे किती सांगता तो?”

पुढे आख्यान सुरू होत होते. अडीच वावांवर खडप, म्हणजे खडक, लागल्यानंतर सहाव्या सेकंदाला झांज आणि मृदंग एकदम उसळले होते आणि त्यांच्याखाली काहीही ऐकू येणे शक्य नव्हते. अनघाने तसे सांगितले. म्हाताऱ्याने मान हलवली. पण गाडीतून उतरताना दार धरून तो थांबला आणि म्हणाला, की अडीच वावांवर खडप लागले की भरलेले गलबत मागे घ्यायला वेळ मिळत नाही, तेव्हा पुढचा आकडा कळला तर मला कळव.

हे काम तिला कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसेही मिळणार नव्हते. वजाबाकीची कृती इथे उपयोगाची नव्हती, कारण झांज ही खरखरीसारखी एकसुरी नसते. तिने निराळा मार्ग धरला. पुढची हाक कोणत्या क्षणी यायला हवी, हे अकरा सेकंदांच्या हिशेबाने तिला आधीच ठाऊक होते. त्या क्षणाच्या आसपास झांजेचे जे ठोके पडत होते, त्यांच्यासारखेच ठोके त्याच टेपेत पुढे शेकडो वेळा पडलेले होते. ते एकेक जुळवून, त्यांची सरासरी काढून, तिने हाकेवर पडलेल्या ठोक्यांतून तेवढेच अलगद उतरवत नेले आणि मृदंगाचा घुमार खालच्या पट्टीतला असल्यामुळे तो नुसता छाटला. उरलेला आवाज चिरफाळलेला होता. पहिले अक्षर झांजेने कायमचे गिळलेले होते, दुसऱ्याचा शेवट तेवढा उघडा होता आणि मग “वाव”. पुढची हाक मात्र दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडली होती आणि तिच्यात शंकेला जागा नव्हती.

त्यानंतर तिने विश्वासकाकांसाठी दोन प्रती केल्या. पहिलीत टेप जशी होती तशी, खरखरीसकट, काहीही न काढता ठेवली. दुसरी ऐकण्यासाठी स्वच्छ केली, परंतु त्या विसाव्यापुरती गॅसबत्ती तशीच चालू राहू दिली आणि नोंदीत वेळ देऊन पुढे लिहिले: “पुरुषाचा आवाज, पाण्याची खोली मोजणारा. स्रोत कळला नाही.”

तांडेलाला तिने सकाळी फोन केला. मागे लिलावाची ओरड चालली होती, म्हणून तिला आकडा दोनदा सांगावा लागला.

“आठ वाव, काका. रेंव.”

“आठ?”

“आठ.”

“मगे सुटलो तो,” तांडेल म्हणाला आणि कोणाला तरी सुरमईचा भाव ओरडून सांगत त्याने फोन ठेवला.