नऊ माळा, नऊ रंग : लातूरच्या आमच्या बुटीकच्या रोजच्या पोस्ट

पितृपक्षातली पोस्ट

मैत्रिणींनो, घटस्थापना रविवारी आहे. त्या दिवसापासून रोज एक रंग आणि त्या रंगाचा एक पेहराव, असं यंदाचं आमचं नवरात्र. आदल्या रात्री आठ वाजता इथे पेहरावाची फक्त एक खूण दिसेल. कधी काठ, कधी बटण, कधी नुसती नाडी. तो आहे काय, हे कॉमेंटमध्ये ओळखा. अख्खा पेहराव सकाळी सातला, म्हणजे घटाला पाणी घालून झालं की पाहता येईल.

पितृपक्षात नवं कापड घ्यायचं नाही, असं बऱ्याच घरांत पाळतात. आम्हीही पाळतो. त्यामुळे आत्ता फक्त मापं देऊन जा, पैसे नकोत. तुमच्या कापडाला कात्री लागेल ती घटस्थापनेच्या सकाळी. म्हणूनच शिवून घ्यायचं असेल त्यांनी बुधवारपासूनचे रंग निवडा. पहिले तीन रंग तयार मापात आहेत, छाती ३२ ते ४६.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे रंग वारावरून ठरतात. रविवारचा नारिंगी, सोमवारचा पांढरा, असं ते चालतं. पोथीत तसा नियम नाही. वर्तमानपत्रांनी रंग छापायला सुरुवात केली आणि बायकांनी ते उचलून धरले. शाळेत, बँकेत, एसटीत सगळ्या एका रंगात दिसल्या की छान वाटतं, त्याचा आनंद आहे. पण त्यासाठी नऊ नव्या साड्या घेऊ नका. सोयाबीनची रास घरी आली असली तरी तिचा पैसा हातात येईपर्यंत दिवाळी उजाडते, हे आम्हाला ठाऊक आहे. कपाटातली साडी घेऊन या. तिच्यावर काय शोभेल ते आम्ही दाखवू. नवा ब्लाऊज, ओढणी किंवा जाकीट, एवढ्यानेही रंग साधतो.

#नऊमाळा

शनिवार, रात्री ८ : उद्या पहिली माळ, नारिंगी

फोटोत फक्त बाहीचा जोड दिसतोय. नीट पाहा, काठाची नक्षी जोडावर जराही तुटलेली नाही.

खण मागावर विणला जातो तोच कमी पन्ह्याचा. अख्खी बाही एका तुकड्यात बसत नाही, जोड द्यावाच लागतो. तो जोड लपवणं हे मास्तरांचं कसब. उद्या सातला सांगू कशाची बाही आहे ती. इशारा देते : आजीच्या ट्रंकेत असतं, नातीला हवं असतं.

रविवार, रात्री ८ : उद्या दुसरी माळ, पांढरा

सकाळचं उत्तर बऱ्याच जणींनी बरोबर दिलं. खणाचं पोलकं आणि सुती नारिंगी परकर. लहान मापाचे परकर संपलेत, मुलींसाठी बुधवारी पुन्हा येतील.

उद्याची खूण : एक खिसा, आणि खिशाच्या तोंडाला हळदी रंगाचं पाइपिंग.

पांढऱ्यावर हळद-कुंकू सांडतं म्हणून पांढरा नको, असं दरवर्षी ऐकते. म्हणून यंदा शुभ्र घेतलाच नाही. कोऱ्या रंगाचं मंगळगिरी सुती कापड आहे, धुतल्यावर आणखी मऊ होतं. कुंकू सांडलंच तर चोळू नका. आधी कोरडं झटका, मग गार पाण्याखाली धरा. चोळलं की रंग धाग्यात उतरतो.

सोमवार, रात्री ८ : उद्या तिसरी माळ, लाल. वारही मंगळवार

ही खूण ओळखायला सोपी नाही : कंबरेच्या आतून शिवलेला खोल खिसा, वर काज-बटण.

औशाच्या रस्त्याने तुळजापूरला पायी निघालेल्या बायका रोज दिसतायत. अनवाणी, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर ओला रुमाल. उद्याचा पेहराव त्यांच्यासाठी आहे. सुती लाल कुर्ता, गुडघ्याच्या खाली चार बोटं, दोन्ही बाजूंना उंच चीर, म्हणजे पाऊल मोकळं पडतं. त्या आतल्या खिशात मोबाईल, थोडे पैसे आणि कुंकवाची पुडी राहते. गर्दीत रांगेत उभं राहिल्यावर पर्स सांभाळायची काळजी नाही. अस्तर मुद्दाम दिलेलं नाही. दुपारच्या उन्हात अस्तर अंगाला चिकटतं.

किंमत ₹७५०. पायी जाणाऱ्या ताईंना ₹६००. कुणी पुरावा मागणार नाही, नुसतं सांगा.

गंजगोलाईतल्या जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी उद्या दुकान पहाटे सहाला उघडेल.

मंगळवार, रात्री ८ : उद्या चौथी माळ, गडद निळा

बारीक चौकडा, जरीचा काठ, काठावर देवळाच्या शिखरांसारखी टोकं. नांदेड, देगलूरकडच्या बायकांनी हे पाहताक्षणी ओळखलं पाहिजे!

उद्यापासून शिवायला दिलेले कपडे मिळू लागतील. ज्यांची मापं आली आहेत त्यांना आज निरोप गेला आहे.

बुधवार, रात्री ८ : उद्या पाचवी माळ, पिवळा

नारायणपेठ बरोबर ओळखलीत. सकाळपासून फक्त ब्लाऊज मागायला जास्त जणी आल्या. साडी घरातलीच, आईची. हेच आम्हाला हवं होतं.

उद्याची खूण : झेंडूच्या आकाराचं कापडी लटकन. आमच्याकडच्या दोघी मावश्या ते हाताने करतात. पाकळीपाकळीला कडा दुमडून टाका घालावा लागतो, म्हणून दिवसाला फार होत नाहीत. ज्यांना फक्त लटकन हवं आहे त्यांनाही देऊ, जोडी ₹८०. पण आधी उद्याच्या कपड्यांना पुरू दे.

गुरुवार, रात्री ८ : उद्या सहावी माळ, हिरवा

आज खूण नाही. अख्खा पेहराव आत्ताच दाखवते, कारण मला दुसरं काही बोलायचं आहे.

हिरवी इरकल, टोप पदर, लाल काठ, आणि त्यावर कोपरापर्यंत बाहीचा साधा ब्लाऊज. फोटोत ती नेसलेल्या मावशी आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या परवानगीने सांगते : यजमान गेल्यापासून त्यांनी हिरवा अंगाला लावला नव्हता. गेल्या वर्षी लेकीच्या सोबत आल्या, हिरव्या थानावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता मला कशाला बाई." यंदा आम्हीच त्यांना बोलावलं.

आपल्या भागात अशा कितीतरी घरांत कर्ता पुरुष नाही. शेत, लेकरं, बँकेचं कर्ज, सगळं त्या बाईच्या डोक्यावर आहे. घटात धान्य पेरायचं तर ती माती तिच्याच शेतातून येते. त्या मातीतून उगवणारा रंग तिनेच का वर्ज्य करावा? आमच्या दुकानात हिरवा रंग दाखवताना कुणाच्या गळ्याकडे आणि हाताकडे पाहिलं जात नाही. हिरव्या बांगड्याही काउंटरवर ठेवल्या आहेत, ज्यांना हव्या त्यांनी घ्या.

उद्या घरातल्या, शेजारच्या अशा एखाद्या मावशीला, वहिनीला सोबत घेऊन या. चहा होईल. काही घेतलंच पाहिजे असं नाही.

शुक्रवार, रात्री ८ : उद्या सातवी माळ, करडा

दिवसभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या मावशी आल्या त्यांना मनापासून नमस्कार.

खूण : लाकडी बटण.

करडा म्हटलं की चेहरे पडतात. पण खरं सांगते, नऊ रंगांत वर्षभर सर्वांत जास्त वापरला जाणारा कपडा हाच. खादीचा आहे. आपल्या नांदेडात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. त्याच खादीच्या परंपरेला मान देऊन यंदा करड्यासाठी दुसरं कापड घेतलंच नाही. शाळा, कचेरी, कोर्ट, कुठेही चालेल. शिलाईत दोन्ही बाजूंना दीड इंच माया ठेवली आहे, पुढे सैल करून घ्या.

शनिवार, रात्री ८ : उद्या आठवी माळ, जांभळा

खूण : पदरावरचा मोर. उलट बाजूनेही फोटो टाकलाय. फरक शोधा.

हातमागाच्या अस्सल पैठणीत पदराची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत. आमच्या फोटोत मागे धागे दिसतायत, कारण ही यंत्रमागावरची सेमी पैठणी आहे. ती सेमी म्हणूनच विकतो, ₹२,८०० ला. कुणी हातमागाची म्हणून एवढ्या पैशांत दिली तर घेऊ नका. अस्सल हवी असेल तर पैठणला जाऊन मागावर बसलेल्या विणकराकडून घ्या. महिनोन्महिने बसून विणलेल्या वस्त्राची किंमत तशीच असणार, तिथे घासाघीस नको.

होमासमोर बसणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : त्या दिवशी सिंथेटिक ओढणी, जाळीचा पदर टाळा. ठिणगी पडली की तो कपडा वितळून कातडीला चिकटतो. सुती किंवा रेशमी नेसा, पदर खोचून घ्या. जांभळ्यात सुती साड्याही काढून ठेवल्या आहेत, ₹९०० पासून.

रविवार, रात्री ८ : उद्या नववी माळ, मोरपंखी

शेवटची खूण. कापडावर हात फिरवला तर रेशमासारखं गुळगुळीत, पण अंगात घातल्यावर सुती वाटतं. छत्रपती संभाजीनगरचं आहे, मराठवाड्याचंच. ओळखा!

ओळखणाऱ्यांपैकी एकीला चिठ्ठी काढून हेच जाकीट भेट. चिठ्ठी उद्या दुपारी बाराला दुकानात, सगळ्यांसमोर, येणाऱ्या पहिल्या लहान मुलीच्या हातून.

सोमवार, रात्री ८ : उद्या दसरा

उत्तर हिमरू होतं. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणतात. जाकिटाची चिठ्ठी निलंग्याच्या एका ताईंना लागली, त्या अंगणवाडीत शिकवतात. त्यांना निरोप दिला आहे.

नऊ दिवस ज्यांनी रोज फोटो पाठवले त्यांचे आभार. त्यातही जुनी साडी, नवा ब्लाऊज असे जे फोटो आले, ते दुकानाच्या भिंतीवर लावतोय. आपला फोटो नको असेल तर लगेच कळवा, काढून घेऊ.

दसऱ्याला कारागीर घरी आहेत, शिवण बंद. तयार कपडे घेऊन जाण्यासाठी दुकान सकाळी नऊ ते बारा उघडं राहील, नंतर सीमोल्लंघन. घट्ट-सैल जे काही असेल ते बुधवारपासून आणा, पहिली दुरुस्ती फुकट. कोजागरीला तुळजापूरला जाणाऱ्यांसाठी लाल कुर्ते पुन्हा शिवायला घेतले आहेत. मापं बुधवारी संध्याकाळपर्यंत द्या.

#नऊमाळा