उपाय आणि आशीर्वाद मागणाऱ्या सगळ्यांना, काकूंकडून

नमस्कार मंडळी, विष्णुसहस्रनामाचा व्हिडिओ टाकल्यापासून उच्चारांचे प्रश्न कमी आणि घरातल्या अडचणीच जास्त येतायत, सगळं वाचलंय मी, पण एकेकाला वेगळं लिहिणं जमेना म्हणून इथेच सगळ्यांना उत्तर देते, रागावू नका.

पहिलं म्हणजे ते गुरुमाऊली वगैरे नको हो. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, आता रिटायर झालेय, पाठांतर बरं आहे आणि आवाज अजून साथ देतो, बाकी सिद्धी-दीक्षा काही नाही. काकू म्हणा. आशीर्वाद मागता तर वारीत कसं सगळे एकमेकांना माऊली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, तसंच समजा, तुम्ही मला नमस्कार केलात की माझाही तुम्हाला झाला. सगळ्यांचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, पण त्याने अमुक तारखेच्या आत नोकरी लागेल असं मी कोणालाच सांगणार नाही.

लातूरच्या ताई, तुमच्या लेकराला टाईप वन शुगर आहे आणि इन्सुलिन बंद करून नुसतं स्तोत्र म्हटलं तर चालेल का विचारलंत. नाही चालणार, एक दिवसही नाही! या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, बाहेरून दिलं नाही तर रक्तात आम्ल वाढतं आणि पोर एक-दोन दिवसांतही सिरियस होऊ शकतं. इंजेक्शन वेळेवर द्या, मग मांडीवर घेऊन खुशाल रामरक्षा म्हणा, त्यालाही बरं वाटेल आणि तुम्हालाही. डोसबद्दल शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला रिपोर्टचे फोटो पाठवू नका, मला त्यातलं कळत नाही.

साप उतरवायचा मंत्र मागणारे दादा, तो मी देणार नाही. साप चावला की १०८ ला फोन, चावलेला हात-पाय हलवायचा नाही, दोरीने आवळायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मिस्टरांच्या दारूवर उतारा मागणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, तुमचं वाचून जीव तुटतो अगदी. लिंबू-नारळाने दारू सुटत नाही ताई, उपचाराने सुटू शकते. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगाही ठिकठिकाणी होतात. आणि मारहाण होत असेल तर ते नशीब म्हणून सहन करू नका, १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाईन आहे, लगेच धोका असेल तर ११२.

जिने रात्री लिहिलं की आता जगावंसंच वाटत नाही, बाळा, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. मी स्क्रीनच्या इकडे आहे, माझा रिप्लाय येईपर्यंत थांबू नकोस, १४४१६ ला आत्ता फोन कर, टेलिमानस म्हणतात, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका तरी माणसाला शेजारी बसवून घे.

पत्रिका, मंगळ, जन्मवेळ पाठवणाऱ्यांनो, नका पाठवू, मी बघत नाही, आणि असली खाजगी माहिती चारचौघांत लिहूही नका. फोन नंबर मी कोणाला देत नाही, घरी येऊन भेटही नाही. आणि हे नीट वाचा, माझा फोटो लावून कोणीतरी अकाउंट काढलंय आणि संकल्पपूजेचे अकराशे रुपये मागतंय, ती मी नाही!! मी एक रुपयाही घेत नाही, दक्षिणा म्हणून पण नाही. कोणी भरले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० ला लगेच तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

नावं घेऊन प्रार्थना करा म्हणता, तर एकाचं घेतलं की दुसऱ्याचं राहतं, म्हणून व्हिडिओच्या शेवटी पसायदान म्हणते त्यात सगळेच आलात.

बारावीवाल्या पोरा, सरस्वतीचा श्लोक कितीदा म्हटला की नव्वद टक्के पडतात हे मला खरंच माहीत नाही रे. पाच मिनिटं म्हण, डोकं शांत झालं की फिजिक्सची गणितं सोडवायला बस.

आता माझ्या कामाचा प्रश्न, तो एकाच जणाने विचारलाय. 'शिपिविष्टः' मधला 'पि' ऱ्हस्वच, बरेच जण 'शिपीविष्ट' असं ओढतात. आणि पुढचा ष पोटफोड्या, श नाही. असले प्रश्न कितीही पाठवा, रविवारी बसून एकेकाला उत्तर देते.