हापूस पेटी बुकिंग कॅम्पेन: लाँचआधीची तपासणी यादी

सुरुवात सोमवार, 23 मार्च 2026, सकाळी 10 वाजता. शेवट मंगळवार, 14 एप्रिल, रात्री 12 वाजता. अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला आहे आणि बागेतून पेटी निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तीन-चार दिवस जातात, म्हणून 14 नंतर एकही बुकिंग घ्यायचं नाही.

लाँचआधीच्या गुरुवारी, 19 मार्चला, पाडव्याची सुट्टी. त्यामुळे बुधवारी तपासणीची पहिली फेरी आणि शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता शेवटची. शनिवार-रविवारी वेबसाइटला किंवा जाहिरातींना कुणीही हात लावायचा नाही. ज्याने स्वतः तपासलं त्यानेच खूण करायची, ऐकीव माहितीवर नको.

ट्रॅकिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागच्या मोसमात बँकेत 61 ऑर्डरींचे पैसे आले आणि रिपोर्टमध्ये 38 दिसल्या. ग्राहक यूपीआय ॲपमध्ये पैसे भरून तिथूनच बाहेर पडत होते. आमच्या 'धन्यवाद' पानावर परत येतच नव्हते आणि खरेदीची नोंद त्याच पानावर व्हायची. चांगली चाललेली जाहिरात आम्ही त्या आकड्यांवर विसंबून बंद केली. हे पुन्हा होता कामा नये.

☐ `purchase` ची नोंद पेमेंट गेटवेकडून पैसे आल्याचा निरोप मिळताच सर्व्हरवरून जाते. यासाठी पैसे भरून ब्राउझर मुद्दाम बंद करा. ऑर्डर तरीही मेटाच्या `Test events` मध्ये दिसली पाहिजे.

☐ ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून जाणाऱ्या नोंदीला एकच `event_id` आहे. नसेल तर मेटा एक पेटी दोनदा मोजेल.

☐ गूगल ॲनालिटिक्समध्ये `transaction_id`, `value` आणि `currency` भरलेले येतात. चलन `INR` आहे. 'धन्यवाद' पान रिफ्रेश केल्यावर दुसरी खरेदी नोंदली जात नाही.

☐ प्रत्यक्ष पैसे भरून तीन ऑर्डरी केल्या: एक यूपीआय, एक कार्ड, एक घरपोच रोख. तिन्ही बँक किंवा ऑर्डर यादी, ॲनालिटिक्स आणि जाहिरात खातं अशा तीन ठिकाणी जुळवल्या. नंतर त्या रद्द करून बागेच्या यादीतूनही काढल्या, नाहीतर खरंच पेटी निघेल.

☐ सगळ्या लिंकवरचे टॅग लहान अक्षरांत आहेत. `Meta` आणि `meta` ॲनालिटिक्सला दोन वेगळे स्रोत वाटतात. मेटासाठी हाच नमुना:

```
?utm_source=meta&utm_medium=paid_social&utm_campaign=hapus_peti_mar26
```

☐ गूगल ॲड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू.

लिंक

लॅपटॉपवर उघडून 'चालतंय' म्हणू नका. आपला ग्राहक इन्स्टाग्रामवर व्हिडिओ पाहता पाहता तिथेच बटण दाबतो आणि पान इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथून यूपीआय ॲप उघडतं का, हीच खरी परीक्षा. एक आयफोन, एक साधा अँड्रॉइड, वायफाय बंद.

☐ प्रत्येक जाहिरातीच्या प्रिव्ह्यूवरून पेमेंटपर्यंत जाऊन आलो. एकूण 11 जाहिराती आहेत, 11 वेळा.

☐ हापूसच्या जुन्या पानावरून नव्या पानावर जाताना `gclid`, `fbclid` आणि वरचे टॅग गळत नाहीत. पान पूर्ण उघडल्यावर ॲड्रेस बारमध्ये ते दिसले पाहिजेत.

☐ व्हॉट्सॲपचं बटण यंदाच्या नंबरवर जातं. (जुना नंबर पोस्टरवर अजून आहे, तो डिझायनरने बदलायचा.)

☐ जिथे पोचवत नाही तो पिनकोड टाकल्यावर पैसे भरण्याआधीच तसं स्पष्ट सांगितलं जातं.

पैसे

मेटा रोज 8,000, गूगल सर्च रोज 5,000, पान पाहून परत गेलेल्यांसाठी रोज 1,000. 23 दिवसांचे 3,22,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 57,960, म्हणजे खात्यातून 3,79,960 जातील. बागायतदारांना हाच आकडा सांगितला आहे ना, ते पाहा. पहिला आकडा सांगून नंतर दुसऱ्याचं बिल गेलं की विश्वास उडतो.

एका पेटीमागे जाहिरातीला 450 रुपये परवडतात. जीएसटी सोडून त्या हिशेबाने किमान 716 पेट्या विकायला हव्यात. बागेने 900 पेट्यांचा शब्द दिला आहे.

☐ गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं. 5,000 च्या जागी 10,000 दिसले तर घाबरून बंद करू नका. पण हे बागायतदारांना आधीच सांगा.

☐ शेवटची तारीख दोन्ही खात्यांत टाकली आहे. आकड्यातली शून्यं दुसऱ्या माणसाने मोजली.

☐ ठिकाणं: मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. गूगलमध्ये `Presence` निवडलं आहे. न बदलल्यास या शहरांत नुसता रस असलेले बाहेरचे लोकही त्यात येतात.

☐ 850 पेट्या बुक झाल्या की जाहिराती थांबवायच्या. उरलेल्या 50 खराब फळांच्या बदलीसाठी.

मजकूर आणि नियम

☐ 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेटीत देवगडचाच आंबा जाणार, हे बागेकडून लेखी घेतलं. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव आणि चिन्ह वापरायचं तर बागायतदारांच्या अधिकृत वापरकर्ता नोंदणीची प्रत फाइलमध्ये हवी.

☐ 'कार्बाईडमुक्त' हा शब्द काढला. कार्बाईडने फळ पिकवण्यावर कायद्यानेच बंदी आहे, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. त्याऐवजी 'गवताच्या अढीत घातलेला' लिहिलं आणि अढीचा खरा फोटो घेतला.

☐ मधुमेह, प्रतिकारशक्ती, वजन यांबद्दल एक शब्दही नाही.

☐ 'थोड्याच पेट्या शिल्लक' हे वाक्य साठा खरोखर कमी झाल्यावरच लावायचं. खोटी घाई आणि शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, दोन्हींवर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांनी बंदी आहे. म्हणून घरपोच खर्च पहिल्याच पानावर.

☐ चित्रात कापलेला केशरी आंबा आहे, पेटीत मात्र फळ कच्चट असतं. 'घरी चार-पाच दिवसांत पिकेल' हे चित्राखालीच, वाचता येईल अशा अक्षरांत. गेल्या वर्षी सर्वांत जास्त तक्रारी याच एका गोष्टीच्या आल्या होत्या.

☐ पैसे देऊन करून घेतलेल्या आमरसाच्या व्हिडिओवर `Paid partnership` दिसतं.

☐ एफएसएसएआय परवाना क्रमांक, डझन आणि वजन पानावर आहे.

मंजुरी

बागायतदारांचा होकार मेलवर हवा, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. त्यांना 11 जाहिराती, किंमत आणि 3,79,960 चा आकडा एकाच मेलमध्ये गेला पाहिजे. मराठी मजकूर त्यांच्या घरच्या कुणीतरी मोठ्याने वाचून पाहावा. 'पायरी' आणि 'हापूस'ची अदलाबदल मागे त्यांच्या आईंनीच पकडली होती.

☐ बागायतदार: मजकूर, किंमत, साठा
☐ अकाउंट मॅनेजर: बजेट
☐ ट्रॅकिंग पाहणारी: तीन ऑर्डरींचे स्क्रीनशॉट जोडून
☐ जाहिराती लावणारा: मेटा आणि गूगलचं परीक्षण पूर्ण, एकही नाकारलेली नाही

सोमवारी 10 ते 1 ट्रॅकिंग पाहणारी आणि जाहिराती लावणारा दोघेही जागेवर. पहिल्या पाच ऑर्डरी हाताने जुळवायच्या. दोन जुळल्या नाहीत तर दोघांपैकी कुणीही, न विचारता, सगळं थांबवायचं आणि मग फोन करायचा.

शुक्रवारी 6 वाजता ट्रॅकिंगमधली एकही खूण बाकी असेल तर लाँच बुधवारी, 25 तारखेला. बागायतदारांना तसं आधीच सांगून ठेवलं आहे, ते तयार आहेत.