विषय: जिनिंग सॉफ्टवेअर: वाढलेली कामं, खर्च व मुदत (बदल विनंती क्र. १ सोबत जोडली आहे)

नमस्कार प्रशांतभाऊ,

मूळ काम वेळेत चाललं आहे. काटा पावती, शेतकरी खातं आणि चुकाऱ्याचं रजिस्टर तयार आहे. गाठी व सरकीच्या साठ्याचा भाग पुढच्या आठवड्यात तुम्हाला तपासायला देतो. ३० सप्टेंबरची तारीख या कामापुरती पक्की आहे.

१४ जुलैच्या करारात धरणगावचं एक युनिट, एक काटा आणि ३ संगणक धरून २,४०,००० रुपये ठरले होते. त्यानंतर ग्रुपवर आणि फोनवर चार कामं वाढली: चोपड्याचा दुसरा काटा, बँकेची पेमेंट फाइल, ओलाव्यानुसार आपोआप कटती आणि शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर पावती. पावतीचा आकार, रिपोर्टमधला गाडी नंबरचा रकाना असे लहान बदल आम्ही करून दिले, त्याचे पैसे लावलेले नाहीत. ही चार मात्र त्यात बसत नाहीत. कारणं सांगतो.

सगळ्यात मोठं काम चोपड्याचं. "तेच सॉफ्टवेअर तिकडे टाकायचं" एवढ्यावर ते भागत नाही. धरणगावचा इंडिकेटर 9600 बॉडला वजन सरळ पाठवतो. चोपड्याचा जुना आहे, 2400 ला चालतो आणि आकडे उलटे देतो. १२,४५० किलोची गाडी असली तर संगणकावर `054210` येतं. ते तसंच वाचलं गेलं तर पावतीवर ५४ टन छापले जातील. शिवाय दोन्हीकडे पावती क्रमांकाची मालिका वेगळी लागेल, नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघून चुकारा दोनदा व्हायचा. नेट गेलं तरी काटा थांबता कामा नये, म्हणजे नोंद आधी तिथेच साठवून नंतर धरणगावला जोडावी लागेल. कापूस किंवा सरकी इकडून तिकडे गेली तर चलनासह दोन्ही साठ्यांत नोंद हवी.

बँक फाइलमध्ये अडचण खाते क्रमांकाची आहे. दिवाणजींकडची यादी एक्सेलमध्ये आहे. एक्सेल सुरुवातीचं शून्य गाळतं आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं. म्हणून सगळे क्रमांक पासबुकावरून पुन्हा तपासावे लागतील. हे तुमच्या माणसांनीच करायचं काम आहे, आमच्या दिवसांत धरलेलं नाही.

ओलाव्याची कटती सोपी आहे, पण नियम लेखी हवा: ८ टक्क्यांपर्यंत काही नाही, पुढे दर टक्क्याला किती, १२ च्या वर गाडी घ्यायची की परत पाठवायची. व्हॉट्सॲपला मजकुराची मंजुरी आणि प्रत्येक संदेशाचं शुल्क लागतं, ते थेट तुमच्या खात्यावर येईल.

खर्च, एका माणसाच्या दिवसाला ४,००० रुपये या करारातल्याच दराने:

चोपडा काटा व एकत्र साठा: ९ दिवस, ३६,०००
ओलावा कटती: ३ दिवस, १२,०००
बँक फाइल: ५ दिवस, २०,०००
व्हॉट्सॲप पावती: ४ दिवस, १६,०००
जुन्या भागांची फेरतपासणी: ४ दिवस, १६,०००
एकूण २५ दिवस, १,००,००० रुपये. १८ टक्के जीएसटीसह १,१८,०००.

फेरतपासणी कशाला, असं वाटेल. कटती बदलली की पावती, खातं आणि चुकारा तिन्ही ठिकाणचे आकडे बदलतात, म्हणून तिन्ही पुन्हा पाहावे लागतात.

चारही एकदम घेतली तर दोन माणसं लावूनही सगळंच २१ ऑक्टोबरवर जाईल. आवक सुरू झाल्यावर काट्यावर नवीन सॉफ्टवेअर शिकवणं कुणालाच परवडणार नाही. माझं म्हणणं, दोन टप्पे करू. पहिल्यात चोपडा आणि कटती, २ दिवसांच्या फेरतपासणीसह ५६,००० अधिक जीएसटी. धरणगाव ३० सप्टेंबरलाच चालू होईल आणि हे दोन्ही १२ ऑक्टोबरला मिळेल. बँक फाइल व व्हॉट्सॲप दुसऱ्या टप्प्यात, ४४,००० अधिक जीएसटी, ३० नोव्हेंबरपर्यंत. व्हॉट्सॲप तर यंदा नाही केलं तरी धंदा अडत नाही. छापील पावती शेतकऱ्याच्या हातात असतेच.

सोबतच्या बदल विनंतीवर हवा तो पर्याय टिकमार्क करून, सही-शिक्क्यासह ५ सप्टेंबरपर्यंत पाठवा. निवडलेल्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली तुम्ही तपासून होकार दिल्यावर. सही येईपर्यंत या चार कामांना हात लावणार नाही, मूळ काम चालू राहील. ५ तारखेनंतर सही आली तर जितके दिवस उशीर तितकी १२ ऑक्टोबर पुढे जाईल.

यापुढे नवीन मागणी कुणाचीही असो, काट्यावरच्या माणसाची की दिवाणजींची, ती तुमच्याकडूनच ईमेलवर यावी. चार तासांपर्यंतचं काम तसंच करून देऊ, त्यापुढच्याची आधी किंमत व तारीख कळवू.

चोपड्याच्या इंडिकेटरचा मॉडेल नंबर दिसेल असा मागच्या बाजूचा फोटो सहीसोबतच पाठवला तर केबल आधीच मागवून ठेवतो.

आपला,
योगेश
प्रकल्प प्रमुख, जळगाव