आखाड

सिमरोलच्या पुढे, भेरूघाट लागायच्या आधी, बस ढाब्यासमोर थांबली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. नर्मदेला पूर, मोरटक्क्याचा पूल बंद. ओंकारेश्वरच्या गाड्या पोलिसांनी होत्या तिथेच थोपवल्या. बसमधून बावन्न माणसं उतरली, नाशिककडची, सकाळी महाकालचं दर्शन करून निघालेली.

बंडूने तंदूरकडे पाहिलं. पत्र्याच्या फटीतून धार थेट आत पडत होती. निखाऱ्यांचा काळा चिखल. रोट्यांचा प्रश्न मिटला. उरली गॅसची एक शेगडी, डाळीचं पातेलं आणि पोऱ्या, जो माणसं मोजूनच घाबरला होता.

"दादा, डाळीला कांदा नाही घातला?"

"सावन आहे. मालक ठेवू देत नाही."

"श्रावण? आमचा अजून अकरा दिवसांनी!"

बंडूला हे नवं नव्हतं. इंदुरात गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावन लागतो, घरच्या कॅलेंडरात मात्र आषाढच चालू असतो. ढाब्यावर एक, घरी दुसरा. त्याचा श्रावण दरवर्षी दीड महिन्याचा.

एक म्हातारी पदराने डोकं पुसत भट्टीपाशी आली. विझलेला तंदूर बघून म्हणाली, "मग आखाड तळा की."

सकाळीच बायको म्हणाली होती, आखाड संपत आला, एक घाणा तरी काढू. तो म्हणाला होता, वेळ कुठाय.

त्याने मोठी कढई चढवली. आठ किलो कणीक, अंदाजाने बेसन, हळद, तिखट, मीठ, हातावर चोळलेला ओवा. कणीक घट्ट भिजवली, नाहीतर पुरी तेल पिते. म्हातारीने दोन सुनांना हाक मारली. लाटणं एकच होतं, दुसरीने स्टीलचा पेला घेतला. पहिली पुरी तळाशी गेली, क्षणभर रुसल्यासारखी थांबली, मग टम्म फुगून वर आली. पोऱ्याच्या तोंडून "हो!" निघालं.

नंतर कोण किती खातंय हे कुणी मोजलं नाही. डाळीत दोनदा पाणी वाढवलं, ते मात्र सगळ्यांना कळलं. ड्रायव्हरने अकरा पुऱ्या खाल्ल्या आणि बाकावरच आडवा झाला.

शेवटी तेल उरलं. म्हातारीने गूळ मागितला, पाण्यात विरघळवून उरलेल्या कोरड्या कणकेत ओतला आणि सुरीने शंकरपाळ्यांसारख्या कापण्या पाडल्या. चार कापण्या कागदात बांधून बंडूच्या हातात दिल्या. "घरी न्या."

पहाटे पाऊस उणावला, पूल बंदच होता. बंडूने घरी फोन लावला.

"आखाड तळला."

"कुणासाठी?"

"बावन्न जण होते. कापण्यासुद्धा केल्या."

"खसखस लावली?"

"इथे कुठली खसखस?"

"मग कसल्या कापण्या," ती म्हणाली. "किती आणताय?"